फोटो आणि एक शब्द : ‘एक्सप्लेन’ (वाचनालयाच्या मदत क्रमांकाच्या नोंदी)

3 जून 2024

आजपासून वाचनालयाचा मदत क्रमांक सुरू झाला. काम ठरलंय ते एवढंच: कुणाला छापील कागद कळत नसेल तर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा, आम्ही समजावून सांगायचं. उत्तर देणारे तिघे. निवृत्त बँक अधिकारी असलेले काका, कायदा शिकून तालुका कोर्टात जाणाऱ्या वकीलताई, आणि मी. औषधांचे कागद आले तर बाजारपेठेतले फार्मासिस्ट दादा पाहणार आहेत.

खात्याचे क्रमांक, गट क्रमांक, नावं यातलं काहीही या नोंदींत खरं लिहायचं नाही. रकमा आणि तारखाही बदलायच्या. उत्तर पोचलं आणि शंका संपल्या की फोटो फोनमधून काढून टाकायचे. आधार कार्डाचा फोटो मागायचा नाही, कुणी पाठवलाच तर लगेच पुसायचा.

10 जून

सकाळी एक फोटो आला. त्याखाली रोमन लिपीत एकच शब्द, ‘एक्सप्लेन’. नमस्कार नाही, नाव नाही, प्रश्न नाही. इंग्रजीत दाटीने छापलेलं बँकेच्या लेटरहेडचं पान, बारीक टाइप, ओळींत जागाच नाही. कागद चौघडी करून ठेवलेला असावा. एक घडी बरोबर वरच्या उजव्या कोपऱ्यावरून गेलीय, तिथे तारीख आहे आणि तीच वाचता येत नाही. खालच्या बाजूला मिळकतीचा तक्ता सुरू होतो आणि दुसऱ्या ओळीवर फोटो संपतो.

काकांनी पान पाहताच सांगितलं, ही सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस आहे. 2002 चा हा कायदा बँकेला कोर्टाचा हुकूम न आणता तारण मिळकत ताब्यात घेऊन विकू देतो, आणि ही नोटीस त्यातली पहिली पायरी. खातं एनपीए झालं, म्हणजे हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून जास्त थकलं, की बँक ती पाठवू शकते.

पाठवणारा कोण ते माहीत नाही. नोटीस तिघांच्या नावे आहे: कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार. त्यातला हा कोण? की कुणाचा मुलगा? किती शिकलेला? ‘एक्सप्लेन’ रोमनमध्ये लिहिलं म्हणून उत्तर इंग्रजीत हवं असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे मोबाइलवर मराठी टाइप न करणारी कितीतरी माणसं हाच शब्द टाकतात. इंग्रजी वाचता येत असतं तर या पानाचा फोटो आलाच नसता. तेव्हा उत्तर मराठीत.

कॉलेजातला एक मुलगा सुट्टीत मदतीला येतो. त्याने तासाभरात सगळ्या पानाचं मराठी करून आणलं. एकही वाक्य न गाळता, मेहनतीने. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं: ‘उपरोक्त कर्जखाते अनुत्पादक मत्ता म्हणून वर्गीकृत करण्यात आले असून आपणांस वैयक्तिक व संयुक्तरीत्या पाचारण करण्यात येत आहे…’ चुकीचं त्यात काहीच नाही. पण ज्याच्या घरी हा कागद आलाय त्याला यातून घर जाणार का, पोलीस येणार का, कधीपर्यंत काय करायचं, यातलं काहीही कळणार नाही. पान जितकं दाट होतं तितकंच राहिलं, फक्त लिपी बदलली.

संध्याकाळी तिघांनी बसून ठरवलं की ‘समजावणं’ कुठून सुरू करायचं ते कागदावरून ठरवायचं नाही. कागद खाली ठेवल्यावर त्या माणसाला काय करावं लागणार आहे, तिथून सुरू करायचं. या नोटिशीनंतर त्याला बँकेत जाऊन बोलायचंय, एक पत्र लिहायचंय आणि एक मुदत पाळायचीय. तेवढ्यासाठी जे लागतं ते सांगायचं, बाकीचं मागितलं तर.

11 जून

उत्तर पाठवलं. आधी प्रश्नांची यादी पाठवायची नाही असं काकांचं ठाम म्हणणं होतं आणि मला ते पटलं. घाबरलेल्या माणसाने एक शब्द लिहिलाय, त्याला तुम्ही कोण, शिक्षण किती, कर्ज कशाचं असं विचारलं तर तो परत लिहीतच नाही. म्हणून खात्रीचं तेवढं आधी सांगायचं, आणि शेवटी ज्याच्यावाचून अडतं असा एकच प्रश्न विचारायचा. इथे अडत होतं तारखेवर.

मजकूर असा गेला:

‘हा कागद बँकेचा आहे, कोर्टाचा नाही. पोलीस केस नाही. तुमच्या कर्जाचे हप्ते थकलेत म्हणून बँक म्हणते की नोटिशीच्या तारखेपासून 60 दिवसांत सगळी बाकी भरा, नाहीतर तारण दिलेली मिळकत ताब्यात घेण्याची कारवाई करू.

बाकी 14,62,318 रुपये लिहिलीय. हा आकडा थांबलेला नाही, त्यावर पुढचं व्याज चढतंय.

नोटीस कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार तिघांना आहे. बँक पूर्ण रक्कम तिघांपैकी कुणाकडेही मागू शकते.

या 60 दिवसांत दोन गोष्टी करता येतात. बँकेत जाऊन मार्ग काढता येतो. नोटिशीत काही चुकलं असेल तर लेखी हरकत देता येते. तिला बँकेचं नाव आहे ‘रिप्रेझेंटेशन’. तिचं उत्तर बँकेने 15 दिवसांत द्यायचं असतं.

तारण मिळकत बँकेच्या लेखी संमतीशिवाय आता विकू नका, भाड्याने देऊ नका, कुणाच्या नावे करू नका.

घडी उलगडून वरच्या कोपऱ्यातली तारीख दिसेल असा फोटो पाठवा.’

फोनच्या पडद्यावर साधारण दीड पडदा भरतं. याहून लांब झालं की लोक ‘रीड मोअर’ दाबत नाहीत, आणि मुदत त्या खाली गेली तर ती वाचलीच जात नाही. म्हणून मुदत पहिल्या परिच्छेदातच.

‘रिप्रेझेंटेशन’ हा शब्द जाणूनबुजून ठेवला. बँकेच्या काउंटरवर ‘हरकत द्यायचीय’ म्हटलं तर समोरचा तक्रार वही पुढे करतो. जो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणार किंवा आपल्याला उच्चारावा लागणार, तो तसाच ठेवून शेजारी मराठीत अर्थ द्यायचा. ‘विदाउट प्रेज्युडिस’सारखे जे शब्द फक्त कागदावरच राहणार आहेत ते सोडून दिले तरी चालतं.

पातळी धरली ती घरातला दहावीचा मुलगा आजोबांना वाचून दाखवेल अशी. हे उत्तर पुढे जामीनदाराला फॉरवर्ड होणार हे गृहीत धरलं, त्यामुळे ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘तुमच्या फोटोत’ अशी वाक्यं काढून टाकली. एकटा मजकूर वाचला तरी अर्थ लागला पाहिजे.

13 जून

उलगडलेल्या कागदाचे दोन फोटो आले, सोबत तीस-पस्तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. बोलणारा जामीनदाराचा मुलगा. कर्ज त्याच्या मामांच्या पिठाच्या गिरणीसाठी होतं. त्याचा प्रश्न एकच: ‘आमचं शेत जाईल का?’

तारीख 21 मे. त्यावरून 60 वा दिवस 20 जुलै. नोटीस हातात मिळाली त्या दिवसापासून मोजायचं की कागदावरच्या तारखेपासून, यावर वाद घालता येतो, पण कायद्यातले शब्द नोटिशीच्या तारखेपासून असे आहेत. वकीलताईंचा नियम सोपा आहे: आपण नेहमी जी तारीख लवकर संपते ती धरायची.

तक्त्यात दोन मिळकती. एक गावठाणातलं घर, मामांच्या नावचं. दुसरी जामीनदाराची गटातली 60 आर जमीन, पुढे इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय, शेतजमीन. पहिल्या फोटोत कापली गेलेली ओळ हीच होती आणि सगळ्या पानातली सर्वात महत्त्वाची ओळही हीच. सरफेसीचं कलम 31(i) सांगतं की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू होत नाही. एवढ्यावर आम्ही खूश झालो होतो, पण ताईंनी थांबवलं. सातबाऱ्यावर शेती लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. जमिनीचा वापर खरोखर शेतीसाठी होतो का हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. आणि जमीन या कायद्यातून सुटली तरी कर्ज सुटत नाही. बँक दुसऱ्या मार्गाने वसुलीचा दावा लावू शकतेच.

हे तिन्ही मुद्दे एका वाक्यात कोंबले तर माणूस फक्त ‘शेतजमिनीला लागू नाही’ एवढंच ऐकतो आणि निर्धास्त बसतो. म्हणून क्रम असा ठेवला: ‘शेताबद्दल तुमच्याकडे एक मुद्दा आहे. तो लेखी मांडावा लागेल, आपोआप लागू होत नाही. त्यासाठी सातबारा पुरेसा नाही, पीक दाखवणारी नोंद आणि शेताचे आजचे फोटो जोडा. मुद्दा मान्य झाला तरी कर्जाची जबाबदारी राहते.’ चारही वाक्यं वेगळी, एकेक दमात वाचता येतील अशी.

यावेळी उत्तर बोलून पाठवलं. त्याने स्वतः बोलून विचारलं होतं, आणि वडील वाचत नाहीत असं त्याच्या बोलण्यातून कळलं. पण तारीख, रक्कम आणि कलमाचा क्रमांक मात्र खाली टाइप करून दिले. ऐकलेला आकडा काउंटरवर पोचेपर्यंत बदलतो.

18 जून

रिप्रेझेंटेशन त्यांनी आज बँकेत दिलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. ते आम्ही आधीच सांगितलं होतं, कारण 15 दिवस मोजायचे तर कुठून मोजायचे ते दाखवता आलं पाहिजे.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगायला लावली. थोडी रक्कम भरली की खातं लगेच सुरळीत होतं असा गावात समज आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलंय की एनपीए झालेलं खातं परत ‘स्टँडर्ड’ व्हायचं तर मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. एक-दोन हप्ते भरून नोटीस मागे जात नाही. भरलेले पैसे वाया जात नाहीत, बाकी कमी होते, पण घड्याळ चालूच राहतं. कर्ज घेतलेल्याला हे नेमकं माहीत नसतं आणि छापील पानात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

27 जून

आज उलटा प्रकार. फोटो मराठी कागदाचा, आणि खाली परत तोच शब्द, यावेळी देवनागरीत. तलाठी कार्यालयाची नमुना 9 ची नोटीस, फेरफाराची. भाषा मराठीच, पण ‘हितसंबंधित’, ‘अभिलेख’, ‘प्रमाणित’ अशा शब्दांनी भरलेली. पाठवणाऱ्या बाईंना मराठी वाचता येतं, सरकारी मराठीचा अर्थ लागत नव्हता.

इथे लांबी खूपच कमी ठेवता आली. चारच ओळी: तुमच्या वडिलांच्या जमिनीवर भावाचं नाव लावायचा अर्ज आलाय. तुम्हाला मान्य नसेल तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. हरकत दिली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणीशिवाय नोंद प्रमाणित होत नाही. गप्प राहिलात तर नोंद होईल.

त्यांनी लगेच विचारलं, नोंद झाली तर माझा हक्क गेला का? हा प्रश्न पानात नव्हता, पण खरा प्रश्न तोच होता. फेरफार नोंद ही महसुलाच्या कामासाठी असते, मालकी तिने ठरत नाही, तिचा वाद दिवाणी कोर्टात सुटतो. हे सांगितलं, आणि सोबत हेही की म्हणून हरकत टाळू नका, कारण नंतर निस्तरायला वर्षं जातात. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. 15100 हा क्रमांक दिला.

1 जुलै

औषधाचा कागद. पातळ, अर्धपारदर्शक, मागची अक्षरं पुढे दिसतात असा. मेथोट्रेक्सेटचं माहितीपत्रक. फोटोच्या कडेला गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा आलाय, त्यावर 7.5 मिलिग्रॅम वाचता येतं. शब्द तोच.

हा कागद समजावताना पानाचा क्रम पाळणं धोक्याचं आहे. माहितीपत्रकात पहिल्या काही ओळींतच कर्करोगाचा उल्लेख येतो, कारण हेच औषध मोठ्या मात्रेत कर्करोगावर वापरतात आणि अगदी लहान मात्रेत संधिवातावर, सोरायसिसवर. संधिवाताचा माणूस वाचायला बसला तर त्याला वाटतं डॉक्टरांनी आजार लपवला. आणि जी ओळ खरोखर जीवावरची आहे ती खाली, आकड्यांच्या गर्दीत: संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, आणि जीवही जाऊ शकतो. चुकून रोज घेतल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत.

फार्मासिस्ट दादांनी पाठवायला दिलेली पहिली ओळ हीच होती: ‘ही गोळी संधिवातासाठी दिली असेल तर आठवड्यातून एकदाच असते. तुमच्या चिठ्ठीवर कोणता वार लिहिलाय?’ कर्करोगाचं दुसऱ्या ओळीत, सरळ: ‘कागदात कर्करोग लिहिलाय त्यावरून तुम्हाला तो आहे असं होत नाही. एकच औषध मात्रेप्रमाणे वेगवेगळ्या आजारांना वापरतात.’ मग ताप, घसा दुखणं, तोंडातले फोड, कोरडा खोकला किंवा दम, यातलं काही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना भेटा. दारू नको. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे औषध चुकूनही घेऊ नये. बाकीची तीन रकाने भरलेली यादी आम्ही सोडली. मात्रा मात्र आम्ही सांगायची नाही हे दादांनी बजावलं. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीतच पाहायची.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं, चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ लिहिलंय. पुढे: ‘आई परवापासून रोज घेतेय.’ दादांनी फोन उचलला आणि आईंना गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. अशा ठिकाणी लिहून समजावण्याचं काम संपतं, फोन करायचा असतो.

2 जुलै

कालच्या आई डॉक्टरांकडे जाऊन आल्या. रक्त तपासायला दिलंय.

कालच्या कागदामुळे एक गोष्ट मला पटली. दाट पानातली महत्त्वाची ओळ ठळक छापलेली असेलच असं नाही. बँकेच्या नोटिशीत ती तक्त्यात होती, माहितीपत्रकात मात्रेच्या रकान्यात. पानभर काय सर्वात जास्त लिहिलंय ते पाहून सारांश काढला तर दोन्ही वेळा ती ओळ सुटली असती. म्हणून आता फोटो आला की आधी प्रत्येक मुदत, प्रत्येक रक्कम, प्रत्येक ‘फक्त’ आणि ‘नाही’ पेन्सिलने शोधतो, मग काय सांगायचं ते ठरवतो.

4 जुलै

पिठाच्या गिरणीवाल्या प्रकरणात बँकेचं उत्तर आलं. तोच मुलगा, तोच एक शब्द, पण यावेळी चारही कोपरे दिसतील असा फोटो, घडी हाताने सपाट केलेली.

उत्तरात बँक म्हणते की जमिनीवर शेड आहे, तिथे गिरणीचा माल साठवतात, म्हणून ती शेतजमीन मानता येत नाही. रिप्रेझेंटेशन फेटाळलं. पत्राची तारीख 1 जुलै, म्हणजे 15 दिवसांच्या आत.

यावेळी मुळापासून समजवायची गरज नव्हती. तो आता ‘13(2)’ आणि ‘रिप्रेझेंटेशन’ सहज बोलतो. त्यामुळे उत्तर आखूड, आणि पातळी एक पायरी वर. आम्ही त्याला फक्त शेडबद्दल विचारलं: ती कधी बांधली, तारण देण्याआधी की नंतर, आणि शेताच्या किती भागावर आहे. शेड 3 गुंठ्यांवर, उरलेल्यात सोयाबीन, असं त्याचं उत्तर. बांधली कधी ते वडिलांना विचारून सांगतो म्हणाला. इथून पुढचं काम वकिलाचं आहे, आणि त्याला ताईंनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या, डीआरटीचं म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाचं काम करणाऱ्या वकिलांकडे पाठवलं.

एक गैरसमज मात्र लिहून दूर करावा लागला. त्याला या पत्रावर लगेच केस करायची होती. कायद्यातच लिहिलंय की बँकेच्या अशा उत्तरावरून डीआरटीत जाण्याचा हक्क मिळत नाही. दिवाणी कोर्टालाही या विषयात हात घालता येत नाही. डीआरटीचं दार उघडतं ते बँकेने कलम 13(4) खाली पाऊल उचलल्यावर, उदाहरणार्थ मिळकतीवर ताब्याची नोटीस लावल्यावर, आणि तेव्हापासून 45 दिवस मिळतात.

त्याला पाठवलेला शेवटचा मजकूर: ‘20 जुलैपर्यंत बँकेशी बोलणी चालू ठेवा, जे ठरेल ते लेखी घ्या. त्यानंतर घरावर किंवा शेतात नोटीस चिकटवली, किंवा वर्तमानपत्रात तुमचं नाव आलं, तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि वकिलांना पाठवा. 45 दिवस तिथून मोजायचे आहेत.’

वर्तमानपत्राचं सांगितलं ते अशासाठी की ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. गावात ते कोणतं येतं हे विचारून घेतलं. वाचनालयात ते रोज येतं, 20 तारखेपासून जाहीर नोटिशींचं पान मी पाहणार आहे.